महिनेवाले आणि वर्षाच्या आत आलेला बाँड

मध्यवर्ती बँकेच्या तिसऱ्या मजल्यावर त्यांना सगळे महिनेवाले म्हणत. समोर नाही, पाठीमागे; पण त्यांना ते ठाऊक होतं आणि त्याचं काही वाटतही नसे. दर महिन्याला ते एक टिपणी तयार करायचे. देशाकडे परकीय चलनाची जी गंगाजळी आहे, ती किती महिन्यांच्या आयातीला पुरेल? आणि वर्षभरात परदेशी सावकारांना जे फेडायचंय, त्याच्या किती पट आहे? या दोन प्रश्नांची उत्तरं चार पानांत मांडायची, खाली सही करायची, आणि टिपणी वर पाठवायची. बावीस वर्षं हेच.

बायको गेल्यावर ते दीड महिना रजेवर होते. परत आले तेव्हा टेबलावर कुणीतरी फुलं ठेवली होती. ती सुकल्यावर त्यांनी काढली, फुलदाणी धुऊन कपाटात ठेवली आणि कामाला लागले. लोकांना वाटलं, सावरले. सावरण्यासारखं आत काही हललेलंच नव्हतं. दाढेला भूल दिल्यावर गाल जसा आपला नसतो, तसं सगळं अंग झालं होतं. जिना चढताना पाय चालत, इतकंच.

घरी एकटेच. धाकट्या भावाचं घर दोन गल्ल्या पलीकडे. भाऊ रोज कारखाना बंद करून येताना डबा आणायचा. पाण्याच्या पंपांची दुरुस्ती करणारा छोटासा कारखाना होता त्याचा, सात कामगार. बायकोच्या दुखण्यात सगळी धावपळ त्यानेच केलेली. इस्पितळात रात्ररात्र बाकावर बसला, पुढे एकदाही बोलून दाखवलं नाही.

"दादा, अर्धा डबा तसाच?"

"भूक कमी झाली आहे रे. एक डबा दोन दिवस पुरतो आता."

"वा! म्हणजे आम्ही श्रीमंत झालो," भाऊ हसला. मग हसायचं थांबला, कारण दादा हसला नव्हता. "बरं ते जाऊ दे. आयातीवरचे निर्बंध उठणार म्हणतात. पेपरात आलंय. मी बेअरिंग आणि सीलची ऑर्डर दिली."

"किती?"

"चांगली भरभक्कम. आगाऊ रक्कमही भरली, उसनी घेऊन. परवाना मिळाला की माल सुटेल. माझ्याकडचा साठा संपत आलाय दादा. जुनी बेअरिंग घासूनपुसून किती दिवस चालवू?"

वर्षभरापासून परवान्याशिवाय आयात बंद होती, आणि परवाना औषधं, इंधन, धान्य सोडून कुणाला मिळत नव्हता. आता हे निर्बंध उठवायचे का ते ठरवायला समिती बसणार होती, आणि समितीच्या पुढ्यात महिनेवाल्यांची टिपणी जाणार होती. भावाला ते माहीत होतं. तो त्याबद्दल विचारत नसे. तेवढी समज त्याला होती.

दुसऱ्या दिवशी महिनेवाल्यांनी आकडे उघडले. गंगाजळी सात अब्ज वीस कोटी डॉलर. त्यांच्या गैरहजेरीत टिपणी धाकट्या मॅडमनी केली होती. विभागात नव्यानेच आलेली हुशार, चटपटीत मुलगी. तिच्या टिपणीत लिहिलं होतं, गंगाजळी सहा महिन्यांच्या आयातीला पुरते, आणि अल्पमुदतीच्या कर्जाच्या एकशे साठ टक्के आहे. सर्वसाधारण दंडक तीन महिने आणि शंभर टक्के. म्हणजे दोन्हीकडे भरपूर. पेपरात बातमी आली होती ती याच जोरावर.

त्यांनी तिला बोलावलं.

"सहा महिने कसे काढलेस?"

"गेल्या तीन महिन्यांची सरासरी आयात धरली सर. महिन्याला एक अब्ज वीस कोटी."

"ती आयात आपण दाबून ठेवलेली आहे. भूक मारली की डबा जास्त दिवस पुरतोच. म्हणून अन्न वाढलं असं होत नाही. निर्बंध उठवायचे की नाही हे ठरवायचंय ना? मग उठल्यावरची आयात धर. निर्बंधांआधी किती होती?"

"दोन अब्ज." तिने मनात भाग दिला. "साडेतीनच्या थोडं वर. तरी तीनच्या वर आहे सर."

"आहे. आता कर्ज दाखव."

तिने तक्ता पुढे केला. कर्ज कार्यालयाकडून येतो तसाच होता. त्या कार्यालयाची पद्धत अशी, की कर्ज घेताना जी मुदत ठरली, त्याच रकान्यात ते फिटेपर्यंत राहायचं. दहा वर्षांचं कर्ज शेवटच्या वर्षातही दीर्घमुदतीचंच. महिनेवाले दर महिन्याला तो तक्ता घेऊन बसत आणि प्रत्येक ओळीवर बोट ठेवून, पुढच्या बारा महिन्यांत फेडायचं ते हाताने अल्पमुदतीच्या रकान्यात आणत. हे कुठे लिहून ठेवलेलं नव्हतं. ते स्वतः दर महिन्याला हजर असताना लिहून कशाला ठेवायचं?

"हे मला कुणी सांगितलंच नाही," ती म्हणाली. तिचा चेहरा उतरला.

"सांगणारा रजेवर होता. तुझी चूक नाही. बस, दोघं मिळून करू."

अल्पमुदतीचं म्हणून घेतलेलं कर्ज साडेचार अब्ज. जुन्या मोठ्या कर्जांचे वर्षभरातले हप्ते दोन अब्ज. गेल्या महिन्यात इतकंच धरायचं होतं, म्हणजे गंगाजळी जेमतेम पुरत होती. एकशे साठ टक्के तेव्हाही खरे नव्हते. आणि आता तिसरी गोष्ट. नऊ वर्षांपूर्वी विकलेला, दहा वर्षांच्या मुदतीचा अडीच अब्जांचा बाँड. गेल्या महिन्यापर्यंत त्याला वर्षाहून अधिक वेळ होता. आता अकरा महिने आणि काही दिवस उरले होते.

"नऊ अब्ज," ती हळूच म्हणाली. "ऐंशी टक्के. सर, पण या महिन्यात तर एक डॉलरसुद्धा बाहेर गेला नाही!"

"नाही गेला. फक्त महिना गेला."

हे वाक्य बोलून त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. समोरच्या इमारतीच्या गच्चीवर एक माणूस टाकीचं झाकण लावत होता. त्याने ते लावलं, काढलं, पुन्हा लावलं. महिनेवाल्यांना आठवलं की भावाने भरलेली रक्कम उसनी आहे. आठवलं, पण मनाला लागलं नाही. लागायला हवं होतं हेही कळत होतं.

संचालक साहेबांनी टिपणी दोनदा वाचली. साहेब मूर्ख नव्हते. सगळं एका नजरेत कळणारा माणूस.

"महिनेवाले," ते म्हणाले. आज तोंडावरच. "तीन महिन्यांच्या वर आहोत. हे पहिल्या पानावर घ्या. कर्जाचं परिशिष्टात जाऊ दे. बाँड आपण नवा विकून जुना फेडू. सगळे तसंच करतात."

"विकला गेला तर, साहेब. नवीन कर्ज कुणीच दिलं नाही तर वर्ष निभेल का, एवढंच हे माप विचारतं. आयातीचे महिने व्यापाराचं सांगतात. सावकाराने पाठ फिरवली तर काय, ते त्यांना माहीतच नसतं. आपली आयात बेताची आणि कर्ज जास्त. आपल्याला धोका दुसऱ्या दारातून आहे."

"लोक वाट बघतायत हो. गेल्या महिन्यात एकशे साठ, या महिन्यात ऐंशी. समितीला काय तोंड दाखवू?"

"पद्धतीत चूक होती असं लिहिलंय. विभागाची म्हणून. सही माझी आहे."

साहेबांनी चष्मा काढून डोळे चोळले. "तुमच्या भावाचा कारखाना आहे ना? पंपांचा?"

"हो."

"त्याला कळेल."

"हो."

साहेबांनी चष्मा पुन्हा चढवला. दोन्ही आकडे पहिल्या पानावर गेले, शेजारी शेजारी. समितीने निर्बंध कायम ठेवले. उरलेलं चलन बाँडासाठी राखायचं, आणि दरम्यान लांब मुदतीचं कर्ज मिळतं का ते बघायचं.

त्या संध्याकाळी डबा घेऊन भाऊ आला नाही. भावजय आली. दारातच उभी राहिली.

"भाऊजी, हे आज येणार नाहीत."

"बरं."

"तुम्हीच लिहिलंत म्हणे."

"हो."

तिने त्यांच्याकडे पाहिलं. रागाने पाहत होती की आणखी कशाने, ते त्यांना ओळखता आलं नाही. "जेवून घ्या. गरम आहे," म्हणाली आणि गेली.

ते जेवले. पूर्ण डबा संपवला, का ते त्यांनाही सांगता आलं नसतं. घासून पुसून दाराशी ठेवला. दोन दिवस न्यायला कुणी आलं नाही. तिसऱ्या दिवशी सुट्टी होती. डबा पिशवीत घालून ते कारखान्यात गेले.

भाऊ जमिनीवर बसून एका पंपाचं पोट उघडत होता. सातांपैकी चारच कामगार दिसत होते. ग्रीसचा आणि ओल्या लोखंडाचा वास सुटला होता.

"डबा ठेव तिथे," मान वर न करता तो म्हणाला.

त्यांनी ठेवला. उभे राहिले.

"तिघांना घरी पाठवलं दादा. पुन्हा बोलवीन म्हटलंय. कधी, ते विचारू नको." बेअरिंग निघेना. त्याने हातोडीचे दोन हलके ठोके दिले. "आधी सांगितलं असतंस तर? नुसता डोळा मारला असतास तरी मी ऑर्डर दिली नसती."

"तू सांगितलंस तेव्हा ऑर्डर दिलेली होती. आणि मला आकडा दुसऱ्या दिवशी कळला."

"आधी कळला असता तर सांगितलं असतंस?"

महिनेवाल्यांनी विचार केला. भावाशी खोटं बोलायची सवय नव्हती. "नाही."

भावाने हातोडी खाली ठेवली. एक कामगार उगाचच पाना शोधायला पलीकडे गेला.

"निदान खोटं तरी बोलत नाहीस," भाऊ म्हणाला. "गाढव आहेस, पण खरं बोलणारं गाढव." त्याने पायाने एक स्टूल ढकललं. "बस. तुझा तो बाँड फिटेपर्यंत अकरा महिने. तोवर मी टिकतो का, काढ बघू. तुला तेवढंच तर येतं."

ते बसले. "बेअरिंगचा साठा किती?"

"चार महिने पुरेल. जुनी घासून वापरली तर सहा."

"सात माणसांनी की चौघांनी?"

"...चौघांनी."

"मग तो दाबलेला आकडा आहे. बरं, वर्षभरात कुणाकुणाला द्यायचंय?"

भावाने ग्रीसच्या बोटांनी मोजायला सुरुवात केली. कारखान्याच्या जागेचं भाडं. उसने घेतलेले. इस्पितळाच्या वेळी एका मित्राकडून आणलेले—

"इस्पितळाचे?" महिनेवाल्यांनी विचारलं. "ते तर फिटले म्हणाला होतास."

"तुला कशाला सांगायचं होतं तेव्हा."

"कधी द्यायचेत?"

"तो मित्र आहे. घाई करत नाही."

"कधी?"

"अकरा महिन्यांच्या आतच म्हण."

गालावरची भूल उतरताना पहिल्यांदा टोचायला लागतं, तसं महिनेवाल्यांना कुठेतरी टोचलं, फार नाही. त्यांनी हात पुढे केला आणि पंपाचं पोट धरलं, भावाला बेअरिंग ओढता यावं म्हणून.

"ते माझ्या रकान्यात टाक," ते म्हणाले.

"नीट धर," भाऊ म्हणाला. "डुगडुगतंय."