पावतीवरचे नऊ हजार

दिवाळीच्या सुट्टीत धाकटी बहीण नाशिकहून घरी आली होती. मी मोखाड्याच्या आश्रमशाळेत शिकवते आणि तिथेच राहते. मुलं सुट्टीवर गेली तरी कागदपत्रं संपत नाहीत, म्हणून मला यायला शनिवार उजाडला. खोडाळ्याला एसटीतून उतरून पाड्यापर्यंत चालत आले. पाठीवरची पिशवी उतरवायच्या आत तिने मोबाइल पुढे धरला.

"ताई, हे बघ."

कॉलेजच्या वेबसाइटवरच्या फीच्या पावतीचा तो स्क्रीनशॉट होता. भरले होते एकवीस हजार पाचशे, पावतीवर बारा हजार पाचशे. आकडे टाइप करताना कुणाच्या तरी हातून उलटे पडले होते. त्यामुळे तिच्या नावावर नऊ हजार बाकी दिसत होते आणि बाकी असेपर्यंत परीक्षेचा फॉर्म उघडत नव्हता.

तिने क्लार्कला व्हॉट्सअॅपवर विचारलं होतं. उत्तर आलं होतं, 'अकाउंट्सला मेल करा.'

आई नागली पाखडत होती. तिने हात न थांबवता विचारलं, "भरलं ना पैसं? मंग परत कशाला मागत्यात?"

"मागत नाहीत, चुकून कमी लिहिलेत," मी म्हणाले.

"मंग चुकलंय त्यांनी लिवावं."

मी पाठीवरची पिशवी उतरवली.

जेवण झाल्यावर आम्ही दोघी पाड्यातल्या शाळेच्या ओट्यावर गेलो. पाड्यात रेंज तिथेच मिळते. बहिणीने मेल आधीच लिहून ठेवला होता. मी वाचला. तुमच्या चुकीमुळे माझं वर्ष वाया गेलं तर जबाबदार कोण, इथून सुरुवात होती. पावती क्रमांक कुठेच नव्हता.

"हे वाचून त्यांना कळणार कसं, तू कोण ते?"

"इंग्रजीत लिहू का? मग ऐकतील."

"मराठीतच लिही. त्यांनाही येतं. आधी विषय. मग नाव, वर्ग, प्रवेश क्रमांक. पैसे कधी, किती, कुठून भरले. पावतीवर किती दिसतात. आणि काय हवंय ते शेवटी."

"आणि 'कृपया' लिहायचं?"

"लिहायचं."

"आपली चूक नसताना?"

आठवडाभर मी हेच करत होते. मुलांची आधार कार्डं, बँक खाती, एकाच मुलीच्या नावाची तीन स्पेलिंगं. प्रत्येक कागदावर कृपया. मला वाद घालायचा नव्हता. पैसे मी माझ्या खात्यावरून मोबाइलवरून पाठवले होते. बँकेच्या अॅपमधून त्या व्यवहाराचा तपशील काढून तिला पाठवला. त्यावर यूटीआर, म्हणजे बँकेने त्या व्यवहाराला दिलेला नंबर होता. पैसे खरंच पोचल्याची खूण तीच. मग भिंतीला टेकले ती तिथेच झोपले.

जागी झाले तेव्हा तिने मेल पाठवलेला होता.

'विषय : फीच्या पावतीवरील रकमेत दुरुस्ती करणेबाबत.

महोदय,

मी प्रथम वर्ष कला वर्गाची विद्यार्थिनी आहे. मी २१,५०० रुपये फी भरली असून पावतीवर १२,५०० रुपये दिसत आहेत. माझे नाव, प्रवेश क्रमांक, पावती क्रमांक, पैसे भरल्याची तारीख व यूटीआर नंबर खाली दिले आहेत. पावतीचा स्क्रीनशॉट व बँकेचा तपशील जोडला आहे. रक्कम दुरुस्त करून सुधारित पावती द्यावी व बाकी शून्य करावी, ही विनंती. परीक्षेचा फॉर्म भरण्याची मुदत जवळ आहे. माझ्याकडून काहीही बाकी नाही.'

'कृपया' कुठेच नव्हतं. मी मोबाइल तिला परत दिला.

सोमवारी मी मोखाड्याला परतले. दोन दिवसांनी त्याच ओट्यावरून तिचा फोन आला. अकाउंट्सने लिहिलं होतं, रक्कम दुसऱ्याच व्यक्तीच्या खात्यावरून आली आहे, नाते कळवावे. हे आम्हा दोघींच्याही ध्यानात आलं नव्हतं. 'खाते माझ्या मोठ्या बहिणीचे आहे आणि फी तिनेच भरली आहे,' असं तिने त्याच मेलला उत्तर दिलं. ते पाठवूनच ती ओट्यावरून उठली.

शुक्रवारी नवी पावती आली. रक्कम बरोबर होती, बाकी शून्य, फॉर्मही उघडला. सोबत एकच ओळ होती, 'सुधारित पावती जोडली आहे.'

"चुकलं म्हणून एक शब्द नाही, ताई," ती फोनवर म्हणाली.

"फॉर्म भरलास का?"

"भरला. पण वाईट वाटतं ना."

"वाटतं."

बाहेर कुणीतरी मला हाक मारत होतं, कुठल्याशा यादीवर सही हवी होती. मी फोन कानालाच धरून ठेवला. मग तीच म्हणाली, "जा तू. मी त्यांना पावती मिळाली म्हणून कळवते."

"धन्यवाद लिहिशील?"

"बघते," ती म्हणाली.

मी सही करायला गेले.