कलम नऊ आणि पेढे

करार म्हणजे दोन समान पक्षांनी एकमेकांना दिलेला शब्द. आमच्या इंटर्नशिपच्या करारातलं हे पहिलं वाक्य माझं. तळोज्यातल्या एका छोट्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत मी कार्यालय सांभाळतो. दोन समान पक्षांपैकी एक आमचे मालक. दुसरा पक्ष उरणकडच्या एका गावातून दोन बस बदलून आला होता आणि बसायला खुर्ची नसल्याने उभ्यानेच सही करत होता.

ती बीएस्सी झालेली मुलगी होती. करार सहा महिन्यांचा. विद्यावेतन दर महिन्याला, शिकवायच्या आठ चाचण्यांची यादी परिशिष्टात, सहा महिने पुरे झाले की प्रमाणपत्र. कलम नऊ असं होतं: कोणत्याही पक्षाला पंधरा दिवसांची लेखी सूचना देऊन करार संपवता येईल, तसं केल्यास जितके दिवस काम झालं तितक्या दिवसांचं प्रमाणपत्र मिळेल, सूचना न देता गेल्यास मिळणार नाही. आजवर आलेल्या मुलांनी हा कागद फक्त सहीची जागा शोधण्यापुरता पाहिला होता. तिने आपली प्रत घरी नेऊन वाचली.

दोन महिन्यांनी ती परिशिष्ट घेऊन माझ्यासमोर आली. "सर, यातल्या दोनच गोष्टी शिकवल्यात. बाकी बाटल्या धुतल्या."

"बाटली धुणं हा रसायनशास्त्राचा पाया आहे," मी म्हणालो.

"मग तो यादीत टाकायला पाहिजे होता."

मी तिला मुख्य केमिस्टबाईंकडे नेलं. त्या कुरकुरल्या, पण शिकवू लागल्या. पुढे सांडपाण्याच्या नमुन्यांचं टायट्रेशन तीच करायची, आणि बाईंना तिचे आकडे पुन्हा तपासावे लागत नसत.

साडेचार महिने झाले होते. एके दुपारी ती पेढे घेऊन आली. जवळच्याच एका मोठ्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत तिची निवड झाली होती. हजर होताना किमान चार महिन्यांच्या कामाचं प्रमाणपत्र मात्र दाखवायचं होतं.

"पंधरा दिवसांनी जाते, सर. कलम नऊप्रमाणे अर्ज लिहून देऊ ना?"

आमच्याकडे नोकरी सोडायची एक रीत आहे. माणूस पेढे वाटतो, सगळे खातात, आणि तो जाणार हे सर्वांना कळतं. वीस वर्षांत राजीनाम्याचा कागद मी क्वचितच पाहिला. तोंडात पेढा असताना मी म्हणालो, "अगं, लिहून कशाला? घरचंच आहे."

ती पंधरा दिवस नेमाने आली. शेवटच्या दिवसापर्यंतचं विद्यावेतन तिला मिळालं. प्रमाणपत्र टाइप करून मी मालकांपुढे ठेवलं.

"मधेच कशी गेली? लेखी काय आहे?" त्यांनी विचारलं.

"पेढे दिले होते. तुम्हीपण खाल्लेत."

"दोन खाल्ले. पण पेढ्यांवर तारीख असते का? उद्या सगळीच पोरं पेढे वाटून पळतील. कलम तुम्हीच लिहिलंय ना?"

इथे मला एक वाक्य बोलायचं होतं: ती अर्ज देत होती, मीच नको म्हणालो. मी म्हणालो, "लेखी नाही." हे खरं होतं. खऱ्या वाक्याआड लपता येतं, हे कार्यालयात फार लवकर शिकता येतं.

दुसऱ्या दिवशी ती प्रमाणपत्रासाठी आली. मालकांनी सही केली नाही, एवढं मी तिला सांगितलं. कारखान्याने तिला आठ दिवसांची मुदत दिली होती. एरवी माझ्याशी पुस्तकी मराठी बोलणारी मुलगी त्या दिवशी घरचं बोलली. "तुमीच बोललेलात ना, लिवायची गरज नाय म्हणून? मंग आता सांगा ना त्यांना."

"सांगतो," मी म्हणालो.

मी सांगितलं, पण दहाव्या दिवशी. आधी मालक पुण्याला होते, मग त्यांचा मूड ठीक नव्हता, मग माझा. माझं ऐकून त्यांनी वर न बघताच सही केली. "आधी बोलायचं ना," एवढंच म्हणाले. मी घाईघाईने तिला फोन लावला.

"सर, परवाच त्यांनी दुसरीला घेतलं," ती म्हणाली. मग विचारलं, "आठही चाचण्या लिहिल्यात ना त्यात?"

"आठही."

"सातच झाल्या होत्या," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

प्रमाणपत्र न्यायला ती आली नाही. पत्त्यावर पाठवलं, ते परत आलं. पेढ्यांचा डबा मात्र मजबूत निघाला. कार्यालयाचा शिक्का मी आता त्यात ठेवतो.