पहिल्या वाक्यातला माणूस

मी बी.ए. झालो तेव्हा आमच्या मुरबाडकडच्या घरात पदवी म्हणजे काय हे कोणालाच सांगता येत नव्हते. ज्यांच्या शिष्यवृत्तीवर मी शिकलो त्यांचे उपकार मी आजही विसरलेलो नाही. पण लिहायला मी शिकलो ते ठाण्याच्या बाजारपेठेतल्या एका साप्ताहिकाच्या छापखान्यात, एका दुपारी.

त्या दुपारी कोलशेतहून निघालेला मचवा बाळकुमच्या पुढे खाडीत उलटला. बातमी तोंडोतोंडी आली आणि माणसे आमच्या दारात जमली, कारण पलीकडच्या मिठाच्या जकात नाक्यावरचा कारकून आमच्या संपादकांना चिठ्ठ्या पाठवत असे. तशी चिठ्ठी आलीही: मचवा उलटला, सर्व उतारू वाचून नाक्यावर आले आहेत. संपादकांनी ती माझ्या हाती दिली. "एक पत्रक काढायचं. कल्याणची गाडी सुटायच्या आत गार्डाकडे गेलं पाहिजे. डोंबिवली, कल्याण, दोन्हीकडे वाटायचं."

मी बसलो आणि शाळेत निबंध शिकवला होता तसा लिहीत गेलो. आधी पौष महिन्यातली हवा, मग भरतीची वेळ, मचव्याचे जुनेपण, वाऱ्याचा झोत, मिठागरातल्या माणसांची धावपळ. शेवटी, 'ईश्वरकृपेने सर्व उतारू वाचले.'

खिळे जुळवणारे काका मागे उभे राहून वाचत होते. "साचा लहान आहे. एवढं बसायचं नाही. खालून ओळी काढू का?"

"खालीच तर जीव आहे," संपादक म्हणाले आणि कागद माझ्यापुढे सरकवला. "अहो बी.ए., दारात जमलेल्या माणसांना पौष महिन्याचं काय करायचंय? जगलं कोण, गेलं कोण, ते पहिल्या वाक्यात. मग कुठं आणि केव्हा. मग कसं. हवापाणी शेवटी. म्हणजे काकांनी खालून कितीही कापलं तरी बातमी उरते."

मी नव्या कागदावर लिहिले, 'बाळकुमजवळ आज दुपारी उलटलेल्या मचव्यातील सर्व उतारू वाचले.'

"सर्व म्हणजे? मोजले कोणी?" संपादकांनी विचारले.

चिठ्ठीत फक्त 'सर्व' होते. तरी मी दारात जाऊन ते वाक्य मोठ्याने वाचले. लोकांनी सुस्कारे टाकले. कोलशेतची एक ख्रिस्ती बाई तेवढी पुढे आली.

"माझा घरवाला कुठं हाय, भाऊ?"

"सगळे वाचलेत, बाई. नाक्यावर आहेत."

"मी नाक्यावरनंच येतंय. तिथं नाय तो. तो कोलशेतला नाय चढला, बाळकुमच्या धक्क्यावर चढला. तुमच्या कारकुनानं कोलशेतची माणसं मोजली असतील."

मागून कोणीतरी म्हणाले, "उतरला असेल मधेच, गेला असेल ताडीला."

"मधे काय, पाण्यात उतरला?" ती म्हणाली.

मी आत आलो. संपादकांनी सगळे ऐकले होते. त्यांनी एकच विचारले, "भरती आहे ना? मग पाणी कुठं नेतंय?"

"वर. मुंब्रा, डोंबिवलीकडे."

"मग लिहा."

पुन्हा लिहिले. 'एक माणूस खाडीत बेपत्ता असून भरतीबरोबर डोंबिवलीच्या बाजूला वाहत आला असण्याचा संभव आहे; होडीवाल्यांनी ताबडतोब शोध घ्यावा.' दुसऱ्या वाक्यात मचवा कुठे व केव्हा उलटला ते. तिसऱ्यात बाकीचे उतारू नाक्यावर सुखरूप असल्याचे. मग वारा, मग मचव्याचे वय. काकांनी साचा भरला आणि मला न विचारता शेवटच्या चार ओळी काढून टाकल्या. शाई ओली असतानाच मी गठ्ठा घेऊन स्टेशनाकडे पळालो. गार्डाने तो चालत्या गाडीतून घेतला.

परत आलो तर बाई पायरीवर उभीच होती. बसा म्हटले तरी बसेना. मला तिच्याकडे बघवत नव्हते, म्हणून मी जुने अंक नीट लावत राहिलो.

डोंबिवलीला काय झाले ते मला नंतर कळले. पत्रक हातात पडताच तिथल्या एका मास्तरांनी बंदरावर ते मोठ्याने वाचायला घेतले. पहिले वाक्य संपले तेव्हाच कोळ्यांनी होड्या ढकलल्या. दुसरे वाक्य ऐकायला बायका आणि म्हातारे तेवढे उरले.

दिवेलागणीच्या सुमारास डोंबिवलीहून तार आली. बाईने ती स्वतः हातात घेतली, उलटसुलट पाहिली आणि मला परत दिली.

"वाच."

"जिवंत सापडला. कोपरजवळ, जाळ्याच्या खुंटाला धरून होता."

"पुढं?"

"पुढे काही नाही, बाई. एवढंच आहे."

"मग पहिलंच परत वाच," ती म्हणाली आणि पायरीवर बसली.