ताबुताला लावलेले टेकू
मिशनच्या शाळेत बास्केटबॉलची फळी हनीफ लोहारानेच खांबाला बोल्टांनी आवळली होती. ती हलू नये म्हणून मागून दोन तिरके लोखंडी टेकूही दिले होते. मोहरमात मोहल्ल्याचा ताबूत डुगडुगायला लागला, तेव्हा त्याने तेच टेकू काढून ताबुताला लावले. शाळेत शिपाई असलेला धाकटा भाऊ जमील नको म्हणाला.

"बोल्ट आहेत ना? चार दिवसांत काय आभाळ कोसळतंय?" हनीफ खेकसला.

चेंडूच्या दर दणक्याला फळी हलत राहिली. लाकडातली भोकं रुंदावली, नट ढिले झाले. ताबूत थंड व्हायच्या, म्हणजे विसर्जनाच्या, आदल्या सकाळी खाली झाडू मारणाऱ्या जमीलच्या डोक्यात फळी पडली.

त्याला दफन केल्यावर हनीफने फळी पुन्हा चढवली, टेकूंसकट. तिला लटकून गदागदा हिसके दिले. ती तसूभरही हलली नाही.