नवं मशीन

नांदुऱ्यातल्या हर्षलचं गेमिंग पार्लर म्हणजे बापाच्या बंद पडलेल्या कापड दुकानाचाच गाळा. सगळी मशीनं, म्हणजे कॉम्प्युटर, त्याने स्वतःच्या हाताने जोडली होती. त्यातलं एक नवीन होतं, पडद्यावरचं चित्र तयार करणाऱ्या भारी ग्राफिक्स कार्डाचं, आणि आल्यागेल्याला तो तेच आधी दाखवायचा.

एका रविवारी त्याने नेमबाजीच्या गेमची स्पर्धा ठेवली. जिंकणारा अकोल्याच्या स्पर्धेला जाणार होता. आदल्या दिवशी नव्या मशीनवर त्याला एक खोट दिसली. गेममधली नजर झपकन वळवली की चित्र मधून फाटायचं, वरचा अर्धा भाग एकीकडे, खालचा दुसरीकडे. त्याने सेटिंगमध्ये जाऊन व्ही-सिंक, म्हणजे कार्डाला मॉनिटरच्या वेगात बांधून ठेवणारं बटण, चालू केलं आणि फाटणं थांबलं. चित्र डोळ्यांनी पाहून त्याचं समाधान झालं. खेळून त्याने पाहिलं नाही.

वडनेर भोलजीची काजल स्पर्धेतली एकटी मुलगी. कॉलेज सुटलं की इथे सराव करायची, नेहमी जुन्या मशीनवर. तिचे वडील शेषराव त्या दिवशी पहिल्यांदाच पाहायला आले होते. अंतिम सामन्याला चिठ्ठी निघाली आणि काजलला नवं मशीन मिळालं. समोर प्रतिस्पर्धी शौनक होता, जुन्या मशीनवर.

पहिल्या फेरीनंतर तिने हेडफोन काढला.

"दादा, नेम मागून येऊन राह्यला. माऊस हलवला की जरा उशिरानं हलते. जुन्यावर असं होत नाई."

हर्षलच्या हातात माईक होता. पोरं ऐकत होती. आपल्या सगळ्यात चांगल्या मशीनला कुणी नावं ठेवलेली त्याला सहन झाली नाहीत.

"नवीन मशीन मागून येत नाई, बाई. हात मागून येऊन राह्यला तुहा."

पोरं हसली. शेषराव खाली पाहू लागले. काजलने हेडफोन पुन्हा चढवला आणि उरलेल्या फेऱ्याही हरली. त्यानंतर ती पार्लरला यायची बंद झाली.

आठवड्याने दुपारी पार्लर रिकामं होतं. हर्षल सहज नव्या मशीनवर बसला. दोन शत्रू समोरून गेले, त्याचा नेम दोन्ही वेळा मागे राहिला. तो उठून जुन्या मशीनवर बसला. तिथे नेम हाताबरोबर होता.

त्याने फ्रेमचा आकडा, म्हणजे कार्ड सेकंदाला किती चित्रं तयार करतं ते, पडद्यावर आणला. मॉनिटर सगळे सारखेच, सेकंदाला जास्तीत जास्त एकशे चव्वेचाळीस वेळा चित्र बदलणारे, आणि कार्डाचं चित्र तयार होईपर्यंत थांबून त्याच्या चालीने चालणारे. जुनी कार्डं शंभर-सव्वाशेच्या वर जातच नसत, म्हणून तिथे दोघांची जोडी जमून होती. नवं कार्ड अडीचशेपर्यंत धावायचं. तेवढ्या वेगाने मॉनिटर जाऊच शकत नव्हता, मग चित्र फाटायचं. व्ही-सिंक लावल्यावर कार्ड एकशे चव्वेचाळीसवर अडलं, पण तयार झालेली चित्रं रांगेत थांबू लागली. काजलचा हात आत्ता हलायचा आणि पडद्यावर दिसायचा तिचा मघाचा हात.

त्याने गेममध्ये मर्यादा घातली, एकशे अडतीस. बाकी काही बदललं नाही. आता कार्डच थोडं मागे राहत होतं, मॉनिटर प्रत्येक चित्रासाठी मोकळा होता, रांग लागतच नव्हती. चित्र फाटलं नाही आणि नेम हाताबरोबर फिरला. एक आकडा टाकायचा होता. स्पर्धेच्या आदल्या दिवशी पाच मिनिटं खेळला असता तर कळलं असतं.

संध्याकाळी तो वडनेरला गेला. शेषराव ओट्यावर बसले होते, काजल दारात उभी. मान खाली घालून त्याने सगळं सांगितलं.

"चूक मशीनची होती. म्हणजे माही."

शेषराव म्हणाले, "तिले तुम्ही माईकवर बोलले. आन् हे घरात येऊन सांगता?"

चहा आला, तो तसाच ठेवून हर्षल उठला.

पुढच्या रविवारी पार्लर भरलेलं असताना त्याने माईक हातात घेतला. काजल बरोबर सांगत होती, आपण पाहिलंही नाही आणि तिलाच हसलो, एवढं तो बोलला. या वेळी कुणी हसलं नाही. शौनक उठून म्हणाला, "मंग सामना पुन्हा घ्या." पण अकोल्याची स्पर्धा होऊन गेली होती.

काजल महिन्याने आली. न विचारता नव्या मशीनवर बसली, थोडं खेळली.

"आता बरोबर हाय," ती म्हणाली.

"पुढच्या वेळी..." हर्षलने सुरुवात केली.

"पुढचं पुढं पाहू, दादा." ती उठून आपल्या जुन्या मशीनवर जाऊन बसली. हर्षल तिच्याकडे पाहू शकला नाही. तो काउंटरमागे जाऊन उगाच वायरी गुंडाळत राहिला.