चिठ्ठी पुन्हा उचलता येत नाही

चिंतामणी देशमाने सोलापुरात बावीस वर्षं मुलींच्या खो-खो स्पर्धा भरवत होते. यंदा करमाळ्याच्या संघाची गाठ पहिल्याच फेरीत गतविजेत्यांशी पडली, तेव्हा प्रशिक्षक रेश्मा वाघमोडेंचा फोन आला.

"सर, एका सामन्यासाठी पोरी एवढ्या लांब आणायच्या का? ड्रॉ परत काढा की."

पाठोपाठ आणखी दोन क्लबांनी तेच म्हटलं. प्रत्येकाशी वाद घालण्याचं त्राण चिंतामणींत उरलं नव्हतं. त्यांनी सगळ्या क्लबांना एकच पत्र लिहिलं.

'एकूण संघ सोळा. गेल्या वर्षी उपांत्य फेरी गाठलेल्या चार संघांना चार वेगळ्या गटांत ठेवलं. उरलेल्या बारांच्या चिठ्ठ्या तुमच्या प्रतिनिधींसमोर उचलल्या, त्यांनी सह्याही केल्या. आता जोड्या सर्वांना कळल्या आहेत. नको असलेली जोडी बदलायला ड्रॉ पुन्हा काढला, तर तो नशिबाचा राहणार नाही, माझ्या मर्जीचा होईल.'

करमाळ्याच्या संघात त्यांची नात इंद्रायणी पहिल्यांदाच खेळणार होती. ते त्यांनी पत्रात लिहिलं नाही.

रेश्मा संघ घेऊन आल्या. करमाळा चार गुणांनी हरलं. गुडघा खरचटलेली इंद्रायणी आजोबांजवळ येऊन बसली.

"तुमी बदलला असता तर?"

"तर दुसऱ्या कुणाची तरी नात रडली असती, बाळा," चिंतामणी म्हणाले. तिच्या गुडघ्यावरची माती त्यांनी रुमालानं हळूच पुसली. तेवढ्यात पुढच्या सामन्याची शिट्टी झाली आणि ते गुडघ्यांवर हात टेकून उठले.