शेवटच्या पंगतीचं गिऱ्हाईक

अकोल्याच्या दालमिलवाल्या शेठजींचा मेसेज सोमवारी सकाळी मालकांच्या मोबाइलवर आला. मालकांनी तो जसाच्या तसा मला पुढे पाठवला. ‘तीन खेपा लेट. चौथीची वाट पाहून राह्यलो. आमची तूर तयार पडली हाय अन भरायले पोते नाहीत. आमचे स्टिरिओ परत पाठवा, नागपूरची पार्टी पोते द्यायले तयार हाय.’ इथवर मी शांतपणे वाचलं. शेवटच्या ओळीला मात्र टाळकं फिरलं. ‘तुमचे जावईसाहेब म्हणतात का डिस्पॅचवाल्या बाई गाडी लावायले इसरतात. इतक्या वर्साच्या बाई अशा कशा झाल्या?’

ती डिस्पॅचवाली बाई म्हणजे मी.

अमरावतीच्या एमआयडीसीत आमचा पोती छापायचा कारखाना आहे. प्लॅस्टिकच्या विणलेल्या कोऱ्या पोत्यांवर डाळीचं नाव, चित्र, वजन छापून आम्ही ती मिलवाल्यांना पाठवतो. छापण्यासाठी लागणारे रबरी ठसे, म्हणजे स्टिरिओ, ज्या त्या गिऱ्हाइकाच्या मालकीचे असतात. सांभाळायला फक्त आमच्याकडे. ते परत मागणं म्हणजे सुनेने माहेरची भांडी मोजून बाहेर काढण्यासारखं आहे. त्यानंतर बोलणी होत नाहीत.

आणि शेठजी काही कालचं गिऱ्हाईक नव्हते. कारखान्यात एकच मशीन होतं तेव्हापासूनचे. त्यांची मिल अकोल्याची, माझं माहेर अकोल्याच्या जुन्या शहरातलं, म्हणून ते मला ताई म्हणत. त्यांच्या मिलमध्ये आमच्या गल्लीतली चार माणसं कामाला. मी कामात विसरते ही गोष्ट मोर्णा नदीपलीकडे आमच्या गल्लीत पोचायला संध्याकाळही व्हावी लागली नसती. गिऱ्हाईक जाणार, ते माझ्या नावावर जाणार आणि माझ्या माहेरात त्याची चर्चा होणार.

आता जावईबापूंबद्दल. मालकांची एकुलती एक मुलगी पुण्याला दिलेली. दोन वर्षांपूर्वी जावई नोकरी सोडून इकडे आले आणि मार्केटिंग बघू लागले. माणूस हुशार, बोलायला गोड, शर्टाची इस्त्री कधी मोडलेली नाही. पण आमच्याकडे जावई कारखान्यात आला तरी जावईच राहतो. त्यांना खुर्ची आधी, चहा आधी, आणि त्यांनी आणलेली ऑर्डर मशीनवर आधी. त्यांना ‘नाही’ म्हणायची कुणाची टाप नव्हती, मालकांची तर नव्हतीच. मुलगी सुखात राहावी म्हणून बाप काय काय गिळतो ते मी रोज बघत होते.

रायपूरची, इंदूरची नवी गिऱ्हाइकं जावयांनी आणली. त्यांची पोती पुढे सरकली की शेठजींची मागे. मी दर वेळी बोलायचे, आणि दर वेळी जावयांचं एकच उत्तर, “मॅडम, ते घरचेच आहेत, समजून घेतील.” मालकही मान हलवायचे. लग्नात घरची माणसं शेवटच्या पंगतीला बसतात, तसं आम्ही शेठजींना बसवलं होतं. फरक एवढाच की घरच्यांना शेवटी निदान उरलंसुरलं मिळतं. शेठजींच्या पानात काहीच पडत नव्हतं. आणि त्यांनी विचारलं की हा शहाणा माणूस त्यांना सांगत होता, बाई विसरल्या.

मालकांनी मला केबिनमध्ये बोलावलं. जावई तिथेच बसले होते.

“शेठजीले चांगलं उत्तर लिहा,” मालक म्हणाले. “माफी मागा. म्हणा, डिस्पॅचकडून चूक झाली. तुमच्या शब्दाले ते मानतात.”

जावयांनी मोबाइलवर मजकूर तयारच ठेवला होता. अपरिहार्य कारणांमुळे झालेल्या असुविधेबद्दल खेद, वाहतुकीतील अडचणी, आपले सहकार्य अपेक्षित. अशा मजकुराने चिडलेला माणूस आणखी चिडतो हे कळायला मार्केटिंग शिकावं लागत नाही. मी म्हटलं, “मी लिहिते.” आवाज इतका मऊ ठेवला की मालकांनी एकदा माझ्याकडे बघितलं.

टेबलावर येऊन मी पहिलं उत्तर एका दमात लिहिलं. त्यात जावयांचं सगळं काढलं. कोणत्या ऑर्डरमागे शेठजींची कोणती ऑर्डर ढकलली, कुणाच्या सांगण्यावरून, मी काय म्हणाले, ते काय म्हणाले. लिहिताना असं गार वाटत होतं की काय सांगू! मग शेठजी होऊन ते वाचलं आणि लक्षात आलं, हे उत्तर माझ्यासाठी आहे. त्यांची तूर उघडी पडली आहे. आमच्या घरात कोण कुणाशी भांडतं त्याच्याशी त्यांना काय करायचं? त्यांना हवीत पोती, आणि खरी तारीख.

ते उत्तर मी फाडून टाकलं. सूड नाही टाकला. तो नीट बसून करायचा ठरवला.

आधी मशीनवाल्याकडे गेले. विचारलं, आता दुसरं सगळं थांबवून शेठजींचं काम लावलं तर किती होईल? तो म्हणाला, “बुधवारपर्यंत अर्धे पोते होतात, बाकीचे शनिवारी. शाई वाळू द्या लागते, नाही तर थप्पीत एकमेकाले चिकटते.” मी दोन्हींत एकेक दिवस वाढवला आणि मग लिहायला बसले.

‘शेठजी, नमस्कार. तुमची तक्रार खरी आहे. तीनही खेपांना गाडी कमी पडली नाही की कुणी विसरलं नाही. तुमचं काम मागे ठेवून आम्ही नव्या ऑर्डरी आधी छापल्या. तुम्ही जुने म्हणून चालवून घ्याल असं आम्ही धरून चाललो. ती आमची चूक. आज तुमचं काम मशीनवर लागलं आहे. अर्धी पोती गुरुवारी सकाळी मिलवर पोचतील, उरलेली रविवारी. स्टिरिओ तुमचे आहेत. तुम्ही मागितले म्हणून गुरुवारच्या गाडीतच पाठवत आहोत. माल पाहून ते ठेवायचे की आमच्याकडे परत द्यायचे, तुम्हीच ठरवा. उरलेल्या मालाची छपाई तोवर झालेली असेल, तिची काळजी नको. गाडीसोबत आमचे जावईसाहेब स्वतः येतील. यापुढे तारखांची जबाबदारी त्यांची. खेप चुकली तर उत्तर द्यायला तेच मिलवर हजर राहतील.’

ठसे गुरुवारी जाणार म्हणून मला मशीनवाल्याकडे पुन्हा जावं लागलं. सगळी छपाई बुधवारी रात्रीपर्यंत उरकायची, उरलेल्या पोत्यांची शाई मग वाळू द्यायची. त्याचाही जावयांवर राग होता, तो लगेच तयार झाला.

मालकांनी उत्तर दोनदा वाचलं. “स्टिरिओ पाठवून देता? उद्या ते नागपूरले देऊन मोकळे होतील.”

“आपण दाबून ठेवले तर आजच होतील,” मी म्हटलं. “त्यांची वस्तू आहे.”

जावई म्हणाले, “पण मी कशाला? डिलिव्हरीला कुणी मॅनेजर जातो का?”

“तुमचा मान मोठा आहे,” मी म्हटलं. “माझ्यासारखी विसरभोळी बाई पाठवली तर शेठजींना अपमान वाटेल.”

मालक खिडकीबाहेर बघत होते. दोन वर्षं जे तोंडाने बोलता आलं नव्हतं ते कागदावर त्यांच्या हातात आलं होतं. त्यांनी ते स्वतःच्या नावाने पाठवून दिलं. तासाभराने शेठजींचं उत्तर आलं, ‘ठीक. बाईलेही पाठवा.’

गुरुवारी पोत्यांचा टेम्पो पुढे आणि जावयांच्या गाडीत आम्ही मागे. स्टिरिओंचे डबे मागच्या सीटवर माझ्या शेजारी. मूर्तिजापूर आलं. तेव्हा जावई आरशात बघत म्हणाले, “मॅडम, मी तसं म्हणालो नव्हतो. फोनवर बोलण्याच्या ओघात गेलं. सॉरी.”

“मला कशाला सांगता?” मी म्हटलं. “मी विसरते की नाही ते मला माहीत आहे. जिथे सांगितलंत तिथे सांगा.”

बोरगाव मंजू मागे पडलं. मला फार बरं वाटत होतं.

शेठजी मिलच्या दारातच उभे होते. आम्हाला बसा म्हणाले नाहीत. टेम्पोतून एक गठ्ठा काढायला लावला, पोतं उलगडलं, छपाईवर अंगठा घासला, अंगठा बघितला. शाई निघाली नव्हती. मग जावयांना घेऊन आत गेले आणि एका थप्पीसमोर उभं केलं. कोऱ्या पांढऱ्या पोत्यांत भरलेली डाळ होती.

“हे पाहा. माह्या बापाच्या नावाची डाळ अन पोत्यावर नावच नाही. हे मी कोण्या तोंडानं इकू? व्यापारी म्हणतो, शेठ, माल दुसऱ्याचा भरला काय?” त्यांचा आवाज चढला. “आमी जुने हाओ, म्हणून आमी मागं? असं काहून?”

जावयांच्या इस्त्रीच्या शर्टावर डाळीचा भुसा बसत होता. ते “सॉरी सर” म्हणाले.

“सर गिर नका म्हणू. मले एक सांगा. ह्या बाई गाडी लावायले इसरल्या होत्या काय?”

आजूबाजूला हमाल थांबले होते. त्यातला एक आमच्या गल्लीतला. जावई हळूच काहीतरी बोलले.

“मिलच्या आवाजात आयकू नाही येत,” शेठजी म्हणाले. “जोरानं सांगा.”

“नाही! त्या विसरल्या नव्हत्या. मीच तुमचं काम मागे ठेवलं होतं.”

शेठजींनी डबे उघडायला लावले. चार जातींच्या डाळींचे ठसे होते. तूर आणि हरभऱ्याचे त्यांनी जावयांच्या हातात परत दिले. मूग आणि उडदाचे स्वतःच्या ऑफिसात पाठवले. “हे दोन नागपूरले जातील. मी त्याईले शब्द देऊन बसलो. बाकी तुमाले. अन एक खेप जरी चुकली ना, तं हे बी जातील.”

मालकांना हे ऐकून वाईट वाटणार होतं. मलाही वाटायला हवं होतं. गिऱ्हाईक अर्धं गेलं होतं, आणि अर्धं वाचलं ते एका धमकीवर. पण त्या क्षणी मला फक्त तो “नाही!” ऐकू येत होता.

मग शेठजी माझ्याकडे वळले. “ताई, तुमी माहेरी जाऊन या. जेवून या निवांत. जावईसाहेब थांबतात अठी, पूर्ण माल मोजून द्या लागते त्याईले.”

जुन्या शहरात भावाच्या घरी पोचले तेव्हा वहिनीने पानं घेतलीच होती. मी पहिल्या पंगतीला बसले. अर्ध्या जेवणात जावयांचा फोन आला. “मॅडम, माल उतरून झाला. इथे बसायलाही जागा नाही हो. किती वेळ लागेल तुम्हाला?”

“निघालेच,” मी म्हटलं, फोन पालथा ठेवला आणि वहिनीकडे आणखी भात मागितला.